मोरचुदाचे स्फटिक तयार करणे (इयत्ता दहावी): धोके आणि सुरक्षितता

या प्रयोगात प्रत्येक जोडीला २५ मिली विरल सल्फ्यूरिक आम्ल मिळेल. संहत आम्लाची बाटली कपाटातून बाहेर येणार नाही. विरल आम्ल आदल्या दिवशी शिक्षकांनी तयार केलेले असेल, ५०० मिली पाण्यात सुमारे १४ मिली, आणि आम्ल पाण्यात हळूहळू ओतून. उलट केले, तर मिश्रण एकदम तापून अंगावर उडते. विरल आम्लही डोळ्यांत झोंबते. म्हणून आम्ल टेबलावर आल्यापासून सगळी भांडी धुऊन होईपर्यंत गॉगल उतरवायचा नाही. नंबरचा चष्मा असेल, तर गॉगल त्यावरून लावा. डोळ्यात थेंब गेलाच, तर लगेच सांगा आणि डोळा उघडा धरून २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा. टेबलावर सांडलेल्यावर आधी खाण्याचा सोडा टाका, फेस थांबला की पुसा.

स्पिरिटच्या दिव्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. खिडकीजवळ बसणाऱ्या जोड्यांनी दिवा विझलाय असे समजून त्यावरून हात नेऊ नये. दिवा फुंकून विझवायचा नाही, टोपण घालायचे. स्पिरिट फक्त शिक्षक भरतील, तेही दिवा पूर्ण गार झाल्यावर. वेण्या आणि मोकळे केस मागे बांधा, ओढणी आत खोचा. टेबलावर वह्या नकोत, एक कागद पुरे.

चंचुपात्र घेतल्यावर उजेडात धरून तळ बघा. तळाला चांदणीसारखी तडा दिसली, तर ते परत द्या. तापवताना तेच फुटते. काच फुटली, तर बोटांनी तुकडे वेचू नका, झाडू आणि सुपली कोपऱ्यात ठेवली आहे.

सगळ्यात जास्त काळजी शेवटच्या दहा मिनिटांची वाटते. निळे द्रावण निम्मे आटले की आच बंद करा. आणखी आटवले, तर ते तडतडून बाहेर उडते. आणि गरम काच, गरम तिवई अगदी गार असल्यासारखीच दिसते. दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गातल्या एका मुलाने दिवा विझवल्यावर पाच मिनिटांनी, आता गार झाली असेल म्हणून, तिवई उचलली. तीन बोटांना फोड आले, परीक्षेपर्यंत त्याला नीट लिहिता येईना. तिवई, जाळी, बाष्पनपात्र जिथे आहे तिथेच राहू द्या, चिमटा नेहमी जवळ ठेवा. उचलण्याआधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब बघा, स्पर्श करू नका. भाजलेच, तर २० मिनिटे गार वाहते पाणी घ्या. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावायचे नाही.

उरलेले निळे द्रावण मोरीत ओतू नका, दाराजवळच्या झाकणाच्या बरणीत टाका. जाताना साबणाने हात धुवा, मगच डबा उघडा.