रविवारी रात्री अकाउंट डिलीट करायच्या आधी

सगळ्यांना जाणारा (सात जण)

हाय! एक छोटंसं सांगायचं होतं. मी हे अ‍ॅप सोडतेय. एक माणूस भेटलाय, अन आता इथं बाकी कुणाशी बोलत राहणं मलाच बरं वाटत नाही. आपलं बोलणं फार झालं नव्हतं, पण मधेच गायब होण्यापेक्षा सांगून जावं म्हटलं. रविवारी रात्री अकाउंट डिलीट करणार आहे. मग हे चॅट तुझ्याकडूनही जाईल, तर ब्लॉक केलं असं समजू नको. उत्तर दिलंच पाहिजे असं काही नाही. तुलाही चांगलं कुणी भेटो.
स्वाती

*(हा फक्त गेल्या पंधरा दिवसांत बोलणं झालेल्यांना. जे दिवाळीच्या आधीच गप्प झालेत त्यांना निरोप कशाचा द्यायचा? "कोण आहे तो" असं कुणी विचारलं तर उत्तर नाही.)*

महेश, धाराशिव

महेश, पुढच्या रविवारचं नळदुर्ग रद्द करावं लागतंय. कारण पावसाचं नाही, क्लासचं नाही. मला कुणीतरी भेटलंय, अन ते आता पक्कं व्हायलंय. अशात तुझ्यासोबत किल्ला बघायला येणं तुझ्याही वेळेची चेष्टा झाली असती.

तू पाणी महालाची एवढी माहिती काढून ठेवलीस, बोरी नदीचा बंधारा, आतल्या पायऱ्या, कुठल्या खिडकीतून फोटो चांगला येतो ते सुद्धा. नर-मादी धबधबे आता आटले असतील म्हणून आपण पावसाळ्यात परत जायचंही बोलून ठेवलं होतं, पहिल्या चकरेच्याही आधी. तू जाच. मित्रांना घेऊन जा, पण जा. अन गाडीवाल्याला काही अ‍ॅडव्हान्स दिला असशील तर आकडा सांग, माझा अर्धा वाटा आज पाठवते. लाजू नको, हा हिशोब आहे.

तू कधीच उशिरा रात्री "जागी आहेस का" विचारलं नाहीस. हे लक्षात राहील.

देशमुख सर, नांदेड

सर, नमस्कार. तुम्ही पहिल्याच दिवशी सगळं स्पष्ट सांगितलं होतं, घटस्फोट, मुलगी, नोकरीची बदली, काहीच लपवलं नाही. म्हणून मीही आडून लिहीत नाही. माझं एका ठिकाणी जमायलंय आणि या आठवड्यात मी अ‍ॅप बंद करतेय. आपण दोनदाच फोनवर बोललो, पण तुमच्याशी बोलताना मला कुठं सांभाळून बोलावं लागलं नाही.

तनुच्या नीटच्या तयारीचं मी जे म्हणाले होते ते यात बुडवणार नाही, म्हणून इथंच लिहून ठेवते. आत्ता दहावी आहे, तर आत्ता फक्त दहावी. क्लासवाले कितीही म्हणोत, या वर्षी तिच्या डोक्यावर नीट बसवू नका. अकरावीला लागली की बायोलॉजीचं मुख्य पुस्तक एनसीईआरटीचंच. ७२० पैकी ३६० मार्क बायोचे असतात, अन त्यातले भरपूर प्रश्न त्या पुस्तकातल्या ओळींवरूनच, आकृत्यांखालच्या बारीक अक्षरांवरूनसुद्धा येतात. मुलं जाडजूड गाईड घेतात अन आकृत्या सोडून देतात. मी रोज बघते. लातूरला पाठवायचंच असेल तर आधी दोन दिवस तिला घेऊन या, होस्टेलचं जेवण तिला स्वतःला खाऊन बघू द्या. पोरं अभ्यासानं कमी अन जेवणानं जास्त रडतात.

तिला शुभेच्छा. तुम्हालाही.

*(इथं नंबर देऊ का? नको. नोट्स सगळ्या यातच आल्यात.)*

समीर, छत्रपती संभाजीनगर (व्हॉट्सअ‍ॅपवर)

*(हा अ‍ॅपवर नाही. आपण महिनाभरापासून इकडंच बोलतोय. शिफ्ट सुटायच्या आधी पाठवायचा नाही. बसमध्ये वाचेल, चार जणांसमोर.)*

समीर, घरी पोचलास का? जेवून घे, मग वाच. वाईट काही झालेलं नाही, पण तुला आवडणार नाही असं आहे.

पाडव्याच्या दिवशी तू विचारलंस, "आईला सांगू का तुझ्याबद्दल?" मी म्हणाले, "थांब जरा." तू थांबलास. तुला वाटलं मी घाबरले, किंवा घरच्यांचं काही असेल. तसं काही नव्हतं. त्या वेळी मी दुसऱ्या एकाला दोनदा भेटून आले होते अन कुणाकडं जावं ते मलाच कळत नव्हतं. हे मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. "थांब जरा" म्हणून मी तुझे पंधरा दिवस घेतले, अन ते तुझ्या न कळत घेतले. चूक माझी आहे.

आता मला कळलंय. मी त्याच्यासोबत आहे. अ‍ॅप रविवारी बंद करतेय, पण तुला तिथला सगळ्यांना पाठवला तसला मेसेज पाठवणं शक्यच नव्हतं.

तू काय कमी पडलास हे शोधत बसू नको. समीर, खरंच नको. सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला वाळूजहून येऊन तू माझा त्या दिवशीचा डेंगीचा रिपोर्ट विचारायचास. प्लेटलेट किती हे माझ्या सख्ख्या भावाला माहीत नव्हतं, तुला माहीत होतं. त्यात काहीच कमी नव्हतं. एखाद्याशी जुळतं अन एखाद्याशी जुळत जुळत राहून जातं, यापलीकडं मला सांगता येईना.

मैत्री ठेवू, असं मी म्हणणार नाही. ते माझ्या सोयीचं होईल अन तुझ्या गळ्याला फास. तुझे व्हॉइस मेसेज अन आईंचा तो हिमरू शाल घेतलेला फोटो मी फोनमधून काढलाय. माझे तू काढ किंवा ठेव, मी विचारणार नाही. गुलमंडीची इमरती तू डब्यात घेऊन लातूरला येणार होतास. ती आता घरच्यांना खाऊ घाल.

रागावून काही लिहायचं असेल तर लिही, मी वाचीन. उत्तरादाखल स्वतःची बाजू मांडत बसणार नाही. उद्यापासून मी स्वतःहून मेसेज करणार नाही, अन ते तुझ्यावर रुसून नाही.

भूषण, औसा

काय रे, काय करलालास?

बातमी अशी हाय की मी चालले. बघ, तुझ्या मामाचा अन माझ्या काकाचा बांध एकच निघाला तेव्हाच मला कळलं होतं की आपलं इथं काही खरं नाही. "अगं, तू त्या कुलकर्ण्यांच्या वाड्यामागची का?" असं अ‍ॅपवर कुणी विचारतं का रे? अर्धा तास मी फोन उशीखाली ठेवून बसले होते.

तुला त्याच्याबद्दल सांगते, कारण तूच एक हसशील. परभणीचा हाय. कृषी विद्यापीठात माती तपासणीचं काम करतो. पहिल्या भेटीला स्टेशनवर आला तर हातात प्लास्टिकच्या पिशव्या, त्यात माती, प्रत्येकीवर गट नंबर लिहिलेला. चहा यायच्या आत त्यानं बाटलीतलं पाणी टाकून एक चिमूट काळी माती माझ्या तळहातावर मळली अन म्हणाला, अंगठ्यानं पुढं ढकल, बघ किती लांब पट्टी निघते न तुटता. निघाली, दोन इंच तरी. चिकणमाती हाय म्हणे, पाणी धरून ठेवणारी, कोरडी झाली की भेगा पडणारी. मी तसेच मातीचे हात घेऊन चहा प्यायले. गाडी दीड तास लेट होती, अन मला ती अजून लेट व्हावी वाटायलं होतं. आता बोल.

हो, माहितीये तू काय म्हणणार. "बनी तो बनी, नहीं तो परभणी." माझी परभणीतच बनली, जा.

आता दोन गोष्टी. एक, येळवसला आमच्याकडं काकाच्या शेतात सगळा गोतावळा असतो, तुझा मामाही बांधावरून भज्जी अन आंबील घेऊन येतो दरवर्षी. तू आलास तर मला ओळखत नाहीस. कोपीपाशी पूजा चालू असताना तोंड दाबून हसायचं नाही. दुसरी, तुझ्या प्रोफाइलवरचा तो बैलासोबतचा फोटो काढ. बैल चांगला दिसतो, तू दिसतच नाहीस.

अकाउंट रविवारी जाईल. शिव्या द्यायच्या असतील तर तोवर दे.

तो "कुठंयस" वाला

तुम्हाला तीनदा सांगितलं होतं की क्लासचा पत्ता देणार नाही. मी अ‍ॅप सोडतेय. इथून पुढं संपर्क नको. अनमॅच करतेय.

*(याला कारण सांगायची गरज नाही. कारण सांगितलं की तो त्यावर वाद घालतो. पाठवायचं, डबल टिकची वाट बघायची नाही, लगेच अनमॅच. तक्रारीचं बटण आधी दाबायचं, कारण नंतर चॅट सापडत नाही.)*

प्रणव, परळी

प्रणव, उद्याचा फोन करत नाहीये. मला कुणीतरी भेटलंय, म्हणून अ‍ॅप सोडतेय. आपला एकच फोन झाला, पण थर्मलच्या राखेवरून तू जे हसवलंस ते आठवून मी दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर उभी राहून हसले. मुलं बघत होती. थँक्यू.

*(रविवारी: आधी प्ले स्टोअरमध्ये जाऊन सबस्क्रिप्शन बंद, नाहीतर महिन्याला पैसे कटतच राहतात. मग सेटिंगमधून अकाउंट डिलीट. नुसतं अ‍ॅप काढलं तर प्रोफाइल तसंच फिरत राहतं, मागच्या वेळी सरिताचं झालं होतं, साखरपुडा झाल्यावर दीराच्या मित्राला दिसली. शेवटी फोनमधून अ‍ॅप.*

*अन परभणीवाल्याला फोन करून विचारायचं, तुझं झालं का डिलीट.)*