फ्लायव्हील मॉडेल: ऊर्जा किती, फेरे किती

तिसरं वर्ष, मेकॅनिकल. गुरुवारच्या प्रॅक्टिकलला येण्याआधी हे वाचून या. मॉडेल जोडायला दोन तास पुरतात, मोटर चालू करण्याआधीचं गणित मात्र घरी करून आणायचं.

आपली चकती लातूरच्या भंगार बाजारातल्या ३० मिमी जाड माइल्ड स्टील प्लेटमधून कापून लेथवर घेतलेली आहे. व्यास ४०० मिमी, मधलं भोक २५ मिमी. शाफ्टही २५ मिमीचा, आणि दोन प्लमर ब्लॉकांत ४०० मिमी अंतर. गेल्या बॅचमधल्या एकाने विचारलं होतं, "सर, घरी कडबाकुट्टीचं जुनं चाक पडलंय, तेच लावू का?" नाही. ते बिडाचं असतं. बीड वाकत नाही, थेट तुटतं, आणि आतली जुनी चीर वरून दिसत नाही. कुट्टीचं चाक सावकाश फिरतं म्हणून गावोगावी वर्षानुवर्षं चालतं.

आता ऊर्जा. स्टीलची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर धरली की वस्तुमान २९.५ किलो येतं. जडत्व आघूर्ण I = m(R² + a²)/2 म्हणजे ०.५९२ किलो-मी². १५०० आरपीएमला ω = १५७ रेडियन प्रति सेकंद, म्हणून E = ½Iω² = ७.३ किलोज्यूल.

हा आकडा ऐकून कुणी खूश होतं, कुणी हिरमुसतं. वॉट-तासांत तो जेमतेम २ भरतो. मोबाइलच्या बॅटरीत साधारण १५ असतात, तेव्हा या चकतीवर लोडशेडिंग काढता येणार नाही. पण हीच ऊर्जा दुसऱ्या बाजूने पाहा: हीच चकती ८० फूट खोल कोरड्या विहिरीत टाकली, तर तळाशी आदळताना तिच्यात जवळपास एवढीच ऊर्जा असेल. एवढ्या ऊर्जेची चकती फुटू नये, म्हणून पुढचं सगळं गणित आहे.

फिरणाऱ्या चकतीत सर्वांत जास्त ताण कडेला येत नाही, भोकाच्या काठावर येतो. दरवर्षी निम्मा वर्ग इथे चुकतो. भरीव चकतीच्या केंद्रावर जेवढा ताण असतो, त्याच्या जवळपास दुप्पट ताण छोटं भोक पाडल्याबरोबर तिथे येतो, भोक कितीही बारीक असो. पॉयसन गुणोत्तर ०.३ घेतलं तर १५०० आरपीएमला हा ताण फक्त ६.४ मेगापास्कल निघतो. स्टीलची यील्ड २५०. मग भीती कसली?

भीती की-वेची. चावीच्या खाचेच्या कोपऱ्यात ताण तिप्पट धरायचा आणि वर सुरक्षा गुणांक ४ घ्यायचा. ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ताणावरचा ४ हा वेगावर फक्त २ उरतो, हे विसरू नका. दुसरी मर्यादा शाफ्टची. क्रांतिक वेगाजवळ शाफ्ट धनुष्यासारखा वाकून फिरू लागतो, म्हणून त्याच्या ८० टक्क्यांच्या आतच राहायचं. दोन्ही आकडे असे काढा:

```python
from math import pi, sqrt
R, a, t, rho = 0.2, 0.0125, 0.03, 7850
d, L, E = 0.025, 0.4, 2e11
m = pi*(R**2 - a**2)*t*rho
c = 0.825*rho*(R**2 + 0.212*a**2)
n1 = sqrt(62.5e6/3/c)*30/pi
n2 = sqrt(48*E*(pi*d**4/64)/L**3/m)*30/pi
print(round(n1), round(0.8*n2))
```

उत्तर: 2707 आणि 2386. लहान आकडा जिंकतो. म्हणजे चकतीच्या आधी शाफ्टच अडवतो. नुसती यील्ड बघून काढलात तर ९३७७ आरपीएम येतील. मागे एका जर्नलमध्ये तेवढेच लिहून आले होते, वर "सुरक्षित" असा शेराही.

तरीही आपण १५०० वरच थांबणार, कारण बॅलन्सिंग. गुरुत्वमध्य अक्षापासून फक्त १ मिमी सरकला तरी १५०० ला ७२७ न्यूटनचा फिरता धक्का बसतो, चकतीच्या स्वतःच्या वजनाच्या अडीचपट. आधी चकती समपातळीतल्या दोन सुऱ्यांवर ठेवून पाहा. दरवेळी तोच भाग खाली येत असेल तर तिथलं थोडं ड्रिलने काढा.

मागच्या सत्रात मोटर सोडवल्यावर १५०० वरून ७५० ला यायला २५० सेकंद लागले. वेग निम्मा झाला की पाऊण ऊर्जा गेलेली असते, म्हणजे ५.५ किलोज्यूल, सरासरी २२ वॉट बेअरिंग आणि हवेने खाल्ले. तुमचे वॉट याहून बरेच जास्त आले तर प्लमर ब्लॉकची रेषा तपासा, नुसतं ग्रीस ओतू नका.

झाकण ६ मिमी प्लेटचं आहे आणि जमिनीला बोल्ट केलेलं आहे. ते काढून फोटो काढायचा नाही. चकतीच्या प्रतलात, म्हणजे तिच्या कडेसमोर, कुणी उभं राहायचं नाही. टॅकोमीटरचं वाचन शाफ्टच्या टोकाकडून घ्यायचं. ओढण्या, मफलर, सैल बाह्या बाहेर ठेवून या. जर्नलमध्ये दोन्ही मर्यादा आणि त्यांतली कोणती निर्णायक ठरली, हे हाताने सोडवून लिहिलेलं हवं.