सायली गावस
सेल्स डेव्हलपमेंट रिप्रेझेंटेटिव्ह (सॉफ्टवेअर) · म्हापसा, गोवा
मराठी, कोकणी, हिंदी, इंग्रजी

हॉटेलांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या टीमसाठी नवे ग्राहक शोधते, पहिला फोन करते आणि डेमोची मीटिंग ठरवते. आता सिंधुदुर्ग, कोल्हापूर आणि पुण्याच्या बाजारात मराठीतून काम करायचे आहे.

अनुभव

एसडीआर, हॉटेल बुकिंग व बिलिंग सॉफ्टवेअर कंपनी, पर्वरी
जून 2023 पासून

एप्रिल 2024 ते मार्च 2025 चे आकडे, सीआरएममधील नोंदींनुसार:

- 11,800 कोल्ड कॉल, म्हणजे दिवसाला सरासरी 50. त्यांपैकी 1,416 वेळा निर्णय घेणाऱ्या माणसाशी बोलणे झाले.
- 9,400 ईमेल, 376 उत्तरे.
- 212 मीटिंग ठरवल्या (टार्गेट 180): फोनवरून 139, ईमेलवरून 48, लिंक्डइनवरून 25.
- 163 मीटिंग प्रत्यक्ष झाल्या. त्यांतल्या 98 सेल्स टीमने पाइपलाइनमध्ये घेतल्या. किंमत सुमारे 2.94 कोटी रुपये.
- 21 करार झाले, वर्षाला 63 लाख रुपयांचे. करार सेल्स टीमने केले. माझे काम त्यांच्यापर्यंत योग्य माणूस पोचवण्याचे.

सुरुवातीच्या तीन महिन्यांत मी रिसेप्शनवरच्या माणसांशीच मीटिंग ठरवत होते. डेमो छान व्हायचा, पण सही करणारा समोर नसायचा. तेव्हापासून पहिल्याच फोनवर विचारते, "बिलाचा हिशेब रात्री कोण बघतं?" ज्याचे नाव येते, त्याच्याशीच पुढचे बोलणे.

ठरलेल्या मीटिंगपैकी प्रत्यक्ष होणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या वर्षी 61 टक्के होते, ते 77 वर आले. आदल्या संध्याकाळी मालकाला व्हॉट्सॲप करते आणि त्यात त्यानेच सांगितलेली अडचण त्याच्याच शब्दांत लिहिते: "एकच खोली दोन साइटवर विकली गेली, ते उद्या बघू." नुसत्या रिमाइंडरपेक्षा याला उत्तर येते.

गोव्यात दुपारी एक ते चार फोन करत नाही. किनाऱ्यावरच्या मालकांची यादी पावसाळ्यासाठी राखून ठेवते. डिसेंबरात त्यांना बोलायला उसंत नसते, जुलैत ते निवांत ऐकतात.

टेली-कॉलर, दुचाकी विक्री दालन, फोंडा
2021 ते 2023
चौकशीला आलेल्यांचा फॉलो-अप आणि टेस्ट राइडची वेळ ठरवणे. नकार ऐकून पुढचा नंबर लावायची सवय इथेच लागली.

टूल्स

हबस्पॉट रोजच्या वापरात: सीक्वेन्स, टास्क, डील स्टेज, आठवड्याचा रिपोर्ट. नंबर व ईमेल शोधायला अपोलो, माणूस शोधायला लिंक्डइन सेल्स नेव्हिगेटर. व्हॉट्सॲप बिझनेस, गूगल शीट्स (पिव्होट, व्हीलुकअप). सेल्सफोर्सवर फक्त प्रशिक्षण झाले आहे, काम केलेले नाही.

शिक्षण

बी.कॉम., गोवा विद्यापीठ, 2021

नोटीस पिरियड 30 दिवस. महिन्यातून दहा दिवस प्रवासाची तयारी आहे. फोन, ईमेल आणि सध्याच्या मॅनेजरचा संपर्क अर्जासोबतच्या पत्रात दिला आहे.