ऑक्टोबर २०२० मध्ये रेपो किती ठेवला असता?

सन्माननीय अध्यक्ष, परीक्षक आणि मित्रहो,

'मध्यवर्ती बँकेनं फक्त महागाई पाहावी, विकासदराकडे लक्ष देऊ नये' या प्रस्तावाच्या विरोधात मी उभा आहे. महागाई सर्वांत आधी गरिबाच्या ताटावर येते, हे माझ्या आधी बोललेल्या मैत्रिणीनं सांगितलं. शंभर टक्के मान्य. महागाईचं चार टक्क्यांचं लक्ष्य फेकून द्या, असं मी म्हणतच नाही. माझं भांडण 'फक्त' या शब्दाशी आहे.

२०२० आठवा. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पन्न जवळपास चोवीस टक्क्यांनी घसरलं. कारखाने बंद, मजूर पायी गावाकडे निघालेले. आणि महागाई? ऑक्टोबरमध्ये ७.६१ टक्के, म्हणजे सहाच्या वरच्या मर्यादेच्याही पलीकडे. प्रस्ताव शब्दशः पाळायचा तर रिझर्व्ह बँकेनं तेव्हा व्याजदर वाढवायला हवा होता. पण तिच्या पतधोरण समितीनं रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते तो दर, चार टक्क्यांवरच ठेवला. कारण महागाई पुरवठा तुटल्यामुळे होती, लोकांच्या हातात पैसा खुळखुळत होता म्हणून नव्हे. शिवाय कायदाच सांगतो की किमती स्थिर ठेवताना विकासाचं उद्दिष्ट ध्यानात ठेवा. २०१६ च्या दुरुस्तीत ते वाक्य उगाच घातलेलं नाही.

महागाई मोजणाऱ्या आपल्या निर्देशांकात तेव्हा खाद्यपदार्थ आणि पेयांचा वाटा जवळपास ४६ टक्के होता. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो कडाडला आणि महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली. रेपो वाढवून नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा एक क्रेट तरी जास्त आला असता का?

दर वाढला की बिल कोण भरतं, तेही पाहा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५ वर गेला. ती वाढ गरजेची होती, त्यावर माझा आक्षेप नाही. पण सातपूरच्या एखाद्या लेथवाल्याची वीस लाखांची कॅश क्रेडिट रेपोला जोडलेली असेल, तर त्याच्यावर वर्षाला पन्नास हजारांचं जादा व्याज पडलं. म्हणजे एका हेल्परचे काही महिन्यांचे पगार. हा हिशेब मांडूनच दर वाढवावा, एवढंच आमचं म्हणणं.

युरोपीय मध्यवर्ती बँकेचं पहिलं काम किमती स्थिर ठेवणं. २०११ मध्ये ग्रीस-पोर्तुगाल गटांगळ्या खात असताना तिनं एप्रिल आणि जुलैत असे दोनदा दर वाढवले. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दोन्ही वाढी मागे घ्याव्या लागल्या. महागाईवरची नजर ढळली नव्हती. बाजूला काय जळतंय ते दिसलं नव्हतं.

पुढे उठणाऱ्या प्रस्तावाच्या वक्त्याला एकच विचारतो. बाकीचं नंतर बोला, आधी आकडा सांगा: ऑक्टोबर २०२० मध्ये तुम्ही रेपो किती ठेवला असता?