आरोहीच्या पासपोर्टची यादी: मूळ कागद, झेरॉक्स आणि फोटो

सायली,

तू पाठवलेले अमेरिकन वकिलातीच्या यादीचे दोन्ही फोटो मोठे करून नीट वाचले. पहिला स्वच्छ आहे. दुसऱ्यात खालच्या कोपऱ्यावर ट्यूबलाइटची चमक आलीय, त्यामुळे सर्वांत शेवटची ओळ दिसत नाही. त्या कोपऱ्याचा तेवढा पुन्हा फोटो काढ, कागद खिडकीजवळ धरून. त्या ओळीत काय असेल याचा अंदाज मी बांधलेला नाही, आणि तूही बांधू नकोस. बाकी सगळ्याची वाटणी खाली केली आहे.

एक गोष्ट आधी सांगते, म्हणजे यादी एवढी लांब का हे कळेल. आपण घरात ‘रिन्यू करायचाय’ म्हणतो, पण सोळा वर्षांखालच्या मुलांचा अमेरिकन पासपोर्ट रिन्यू होत नाही. पाच वर्षांनी पुन्हा नव्याने अर्ज करायचा, डीएस-११ फॉर्मवर, आणि मुलीला समक्ष घेऊन जायचं. म्हणून २०२१ मध्ये एकदा दाखवलेला जन्मदाखला त्यांनी परत मागितला आहे. ‘आधीच दिलाय की’ असं म्हणून तो घरी ठेवू नकोस.

दुसरं, ही यादी कागदांच्या नावांनी केलेली आहे. एकेका ओळीत मूळ कागद आणि त्याची प्रत दोन्ही आहेत, तर काही ओळींत फक्त एकच. त्यामुळे ओळीवर टिकमार्क करत गेलीस तर अर्धं काम राहून जाईल. तीन वेगळे फोल्डर कर. फोन आणि बॅग आत नेता येत नाहीत, तेव्हा ‘मोबाइलमध्ये आहे’ हे उत्तर तिथे चालणार नाही. जे दाखवायचं ते कागदावरच हवं.

मूळ कागद (निळा फोल्डर)

आरोहीचा आत्ताचा पासपोर्ट. सप्टेंबरात मुदत संपत असली तरी १८ ऑगस्टच्या अपॉइंटमेंटला तो द्यावाच लागेल.

न्यू जर्सीचा जन्मदाखला, शिक्का असलेली प्रमाणित प्रत. आईवडिलांची नावं असलेलीच हवी, कारण आरोही तुमची मुलगी आहे हे सिद्ध करणारा कागदही हाच आहे. तुमच्याकडे दोन आहेत असं गिरीश म्हणाला होता. ज्यावर तुमची दोघांची नावं आहेत तोच ठेव. लॅमिनेशन मात्र कशालाही करू नकोस.

तुझा भारतीय पासपोर्ट, ओळख म्हणून.

लग्नाचा दाखला. यादीत याची स्वतंत्र ओळ नाही, म्हणून तो तुझ्या नजरेतून सुटला असणार. पहिल्या फोटोत सहाव्या ओळीखाली बारीक अक्षरात लिहिलंय की पालकाचं नाव दाखल्यावर आणि ओळखपत्रावर वेगळं असेल तर नाव बदलल्याचा पुरावा आणावा. जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव आहे, म्हणजे तू तिथे सायली देशपांडे आहेस आणि पासपोर्टवर सायली निंबाळकर. समोरच्या माणसाच्या दृष्टीने या दोन बायका आहेत. दोघींना जोडणारा कागद म्हणजे तुमचा लग्नाचा दाखला, खंडेराव मार्केटमधून महानगरपालिकेचा काढलेला. तो गुजरातीत आहे, तेव्हा इंग्रजी भाषांतर करून घ्यावं लागेल, भाषांतर करणाऱ्याच्या सही-शिक्क्यासह. हे सगळ्यांत आधी हाती घे. बाकीचे कागद घरातच आहेत, हा एकच बाहेरून करून आणायचा आहे. कोर्टाच्या परिसरात हे काम करणारे मिळतात. हातात आल्यावर दोन्ही नावांचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवून बघ. ‘सायली’मध्ये मधला ए आहे की नाही, यावरूनही अडतं.

गिरीशचा संमतीचा फॉर्म, डीएस-३०५३. दोघं पालक समक्ष हजर असते तर हा लागला नसता. तो ह्यूस्टनला आहे, म्हणून त्याने तिथल्या नोटरीसमोर सही करायची आणि तो मूळ कागद कुरियरने इथे पाठवायचा. त्याने स्कॅन ईमेलवर पाठवला तर तो झेरॉक्सच्या फोल्डरमध्येही टाकू नकोस, कारण यादीत ‘ओरिजिनल’ हा शब्द अधोरेखित आहे. सही झाल्यापासून हा फॉर्म ९० दिवस चालतो. म्हणजे आत्ता जुलैत केला तर ऑगस्टसाठी काही अडचण नाही. २५ तारखेच्या आत कुरियरला दे म्हणावं. घरी बसून आधीच सही करून नोटरीकडे जायचं नाही, हेही त्याला सांग.

डीएस-११ फॉर्म. भर, छाप, पण सही करू नकोस. सही खिडकीवर अधिकाऱ्यासमोर करायची असते. आणि तारखा अमेरिकन पद्धतीने, महिना आधी. आरोहीचा ४ मार्च २०१६ हा वाढदिवस तिथे 03/04/2016 असा जाईल. आपल्या सवयीने 04/03 लिहिलंस तर ती एप्रिलमध्ये जन्मली असं होईल आणि दाखल्याशी जुळणार नाही.

अपॉइंटमेंटची छापील पावती याच फोल्डरमध्ये सगळ्यांत वर ठेव, कारण ती दारातच मागतात.

झेरॉक्स (पिवळा फोल्डर)

ए-फोर कागदावर, एका कागदावर एकच बाजू. रावपुऱ्यातला दुकानदार कागद वाचवायला पाठपोट काढून देतो, त्याला आधीच सांग.

आरोहीच्या पासपोर्टचं फोटोचं पान, १ कागद. जन्मदाखल्याची पुढची आणि मागची बाजू, २ कागद. मागे नुसता छापील मजकूर असला तरी काढ. तुझ्या पासपोर्टचं पहिलं पान आणि पत्त्याचं शेवटचं पान, २ कागद. लग्नाचा दाखला १ आणि त्याचं भाषांतर १. इथे काढायचे एकूण ७ कागद झाले.

आता गिरीशचा पासपोर्ट. यादीत ‘गैरहजर पालकाचं ओळखपत्र’ अशी ओळ आहे आणि तू पुढे प्रश्नचिन्ह काढलंस, की त्याचा मूळ पासपोर्ट मागवायचा का. नाही. तो परदेशात असताना स्वतःचा पासपोर्ट कुरियरने पाठवणार नाहीच, आणि त्यांनीही मागितलेला नाही. संमतीच्या फॉर्मसोबत फक्त झेरॉक्स हवी आहे, पण नोटरीला जे ओळखपत्र दाखवलं त्याचीच. त्याने नोटरीला टेक्सासचं लायसन्स दाखवलं आणि झेरॉक्स पासपोर्टची जोडली, तर दोन्ही कागद खरे असूनही जुळणार नाहीत. पासपोर्टच दाखव म्हणावं, आणि त्याच्या पहिल्या व शेवटच्या पानाची प्रत फॉर्मसोबतच कुरियरच्या पाकिटात टाकायला सांग. ते २ कागद इकडे आले की पिवळ्या फोल्डरमध्ये टाकू नकोस. ते निळ्यात, त्याच्या फॉर्मच्या मागे राहू देत. नाव झेरॉक्सचं असलं तरी त्यांची जागा मूळ कागदाबरोबर आहे.

कुठल्याही प्रतीवर स्वतःहून ‘खरी प्रत’ लिहून सही करू नकोस. आपल्याकडे सगळीकडे तशी सवय असते, पण या यादीत ते मागितलेलं नाही. मूळ कागद ते तिथेच समोर ठेवून ताडून बघतात.

फोटो (पांढरं पाकीट)

इथे तुझा गोंधळ झालाय, आणि तो होणं साहजिक आहे, कारण यादीत ‘फोटोग्राफ’ हा शब्द दोन ओळींत आहे आणि दोन्हींचा अर्थ वेगळा आहे.

पहिली ओळ पासपोर्टच्या फोटोची. एक लागतो, पण दोन छापून घे. माप २ इंच बाय २ इंच, म्हणजे ५१ मिलिमीटर चौकोनी. स्टुडिओत नुसतं ‘पासपोर्ट साइज’ म्हटलंस तर ३५ बाय ४५चा उभा फोटो हातात येईल आणि तो इथे उपयोगाचा नाही. मागचा पडदा पांढरा. हनुवटीपासून डोक्याच्या वरपर्यंत चेहरा २५ ते ३५ मिलिमीटर. सहा महिन्यांच्या आतला हवा, म्हणून शाळेच्या ओळखपत्रासाठी गेल्या वर्षी काढलेला वापरायचा नाही. चष्मा काढायचा. आरोहीला चष्म्याशिवाय डोळे बारीक करायची सवय आहे, तेव्हा दोन-चार वेळा काढायला लाव आणि डोळे पूर्ण उघडे असलेला निवड. शाळेचा गणवेश नको. आणि स्टुडिओवाल्याला सांग की चेहरा गोरा करू नको, डाग पुसू नको. ते प्रेमाने करतात, पण असा फोटो परत पाठवतात. फॉर्मवर चिकटवू नकोस, स्टेपलही करू नकोस, पाकिटात सुटाच ठेव.

दुसरी ओळ तू ‘पासपोर्ट फोटो, पाच प्रती’ अशी वाचलीस. ती तशी नाही. तिथे लिहिलंय की आधीच्या पासपोर्टनंतर मुलीचा चेहरा बदलला असेल तर वाढीचे फोटो, दर वर्षाचा एक. आत्ताच्या पासपोर्टवर आरोही पाच वर्षांची आहे, समोरचे दोन दात पडलेली. आता ती दहाची आहे, केस कापलेले, चेहरा पूर्ण वेगळा. ती मुलगी हीच आहे हे अधिकाऱ्याला पटावं म्हणून हे घरचे फोटो हवेत, २०२२ ते २०२६, पाच. शक्यतो तू किंवा गिरीश सोबत असलेले, आणि चेहरा समोरून दिसणारे. २०२३चा गणपतीतला चांगला आहे, त्यात तुम्ही तिघंही आहात. गरब्याचा नको, त्यात मेकअप फार आहे. फोनमध्ये असतील ते छापून घे, मागे पेन्सिलीने वर्ष लिही.

फी १३५ डॉलर आहे. ती कुठल्याच फोल्डरमध्ये बसत नाही, पण यादीच्या तळाशी आहे म्हणून लिहिलं. ती तुझ्या पर्समध्ये.

१७ला रात्रीच्या गाडीने मुंबईला निघणार असशील तर तीनही फोल्डर पिशवीत नको, तुझ्या उशाशी ठेव. बांद्रा-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत शिरण्यापूर्वी फोन आणि बॅग कुणाकडे द्यायची ते आधीच ठरव. बोरिवलीचा मंदार रिकामा असेल तर त्याला बरोबर घे, मी त्याला विचारते.

नवा पासपोर्ट हातात आला की आरोहीच्या ओसीआय कार्डाचं काम राहतं. वीस वर्षांचं होईपर्यंत दर नव्या पासपोर्टनंतर त्याची प्रत आणि नवा फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा असतो, पासपोर्ट मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. त्यासाठी कार्ड बदलावं लागत नाही आणि पैसे पडत नाहीत. पण त्या फोटोला मागचा पडदा हलक्या रंगाचा लागतो, पांढरा चालत नाही. स्टुडिओत जाशील तेव्हाच तोही एक काढून ठेव आणि त्याची फाइल मागून घे. पाकिटात मात्र तो मिसळू देऊ नकोस.

तो कोपऱ्याचा फोटो आजच पाठव. भाषांतराचं उद्या सकाळी बघू, मी अकराला दांडिया बाजारात आहे, तिथून बरोबर जाऊ.

आत्या