शिफारसपत्र : एम.ए. (तत्त्वज्ञान) प्रवेशासाठी

प्रति,
प्रवेश समिती,
एम.ए. (तत्त्वज्ञान) अभ्यासक्रम

विषय : कु. रेवती हिच्या प्रवेशअर्जाबाबत शिफारस

सन्माननीय सदस्य,
स. न. वि. वि.

माझी विद्यार्थिनी रेवती हिने आपल्या अभ्यासक्रमासाठी अर्ज केला आहे. तिची शिफारस मी काहीही हातचे राखून न ठेवता करते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी तर्कशास्त्र आणि ज्ञानमीमांसा हे विषय ती माझ्याकडे शिकली, तिसऱ्या वर्षी भारतीय प्रमाणशास्त्रावरच्या चर्चासत्रात होती, आणि तिचा पदवीचा प्रबंध माझ्याच मार्गदर्शनाखाली झाला. गुणपत्रिका आपल्यासमोर आहेच, त्यामुळे गुणांविषयी काही लिहीत नाही. तिचा युक्तिवाद कसा चालतो हे मात्र गुणपत्रिका सांगू शकत नाही. ते सांगायला तिच्या प्रबंधाविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल.

प्रबंधाचा विषय जुनाच आहे : अनुमानावर घेतलेल्या संशयाला नैयायिकांनी दिलेले उत्तर. धूर दिसला की तिथे अग्नी आहे असे आपण म्हणतो ते व्याप्तीच्या जोरावर. चार्वाक विचारतो, पाहिलेल्या ठिकाणी धुराबरोबर अग्नी होता हे मान्य. न पाहिलेल्या ठिकाणी तो असेलच हे कशावरून? उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त उत्तर दिले की शंकेला व्याघाताची मर्यादा असते. धूर हवा म्हणून जो नेमाने अग्नीच पेटवतो, त्याला धूर अग्नीपासून होतो की नाही अशी शंका घेण्याची सोय उरत नाही. श्रीहर्षाने हे उत्तर उदयनांवरच उलटवले : व्याघात दाखवायचा तर ज्याच्याशी व्याघात होतो ती शंका आधी असावी लागते, मग ती संपली कुठे? त्यावर चौदाव्या शतकात गंगेशाने ‘तत्त्वचिंतामणी’त सांगितले की शंकेला अडवते ती शंका घेणाऱ्याची स्वतःची कृती. धुरासाठी अग्नी, तृप्तीसाठी अन्न आणि दुसऱ्याला पटवण्यासाठी शब्द यांचा आधार माणूस नेमाने घेतो. मग याच नियमांवर तो शंका कशी घेणार?

हा वाद नीट समजून घेऊन क्रमाने मांडणे हेच बी.ए.च्या विद्यार्थ्यासाठी पुरेसे मोठे काम आहे, आणि चांगले विद्यार्थी तिथवर पोचतातही. रेवती थांबली ती गंगेशाच्या त्या तीन उदाहरणांपाशी. तिचे म्हणणे असे की ती एका ओळीत बसवली असली तरी एका जातीची नाहीत. पहिली दोन टाळता येतात. संशय घेणारा नुसता बघ्या असू शकतो. त्याला या क्षणी धूर नको आहे, भूकही नाही. त्याने अग्नी पेटवलाच नाही तर त्याची कोणती कृती त्याच्या शंकेला आडवी येणार? तिसरे उदाहरण मात्र त्याला टाळता येत नाही, कारण शंका वादात मांडायची तर ती शब्दांतच मांडावी लागते, आणि शब्द उच्चारल्याने ऐकणाऱ्याला अर्थबोध होतो हा नियम तो त्या क्षणी वापरत असतो. म्हणजे गंगेशाच्या उत्तराचा सगळा भार तिसऱ्या उदाहरणावर आहे, असा तिचा पहिला निष्कर्ष.

इथे ती थांबली असती तरी मी तो प्रबंध उत्तम म्हटला असता. पण पुढच्याच प्रकरणात तिने या निष्कर्षाची किंमत मोजली. भार शब्दाच्या उदाहरणावर असेल, तर तो व्याघात फक्त बोलणाऱ्या संशयवाद्याला लागू होतो. कोणाशीही न बोलता, स्वतःशीच शंका घेणाऱ्या माणसाला तो शिवतही नाही. मग व्याघाताने व्याप्तीविषयीची निश्चिती मिळत नाही. मिळतो तो वादाचा एक नियम. वादात उतरलेल्या संशयवाद्यावर सिद्धतेची जबाबदारी येते, एवढेच.

मला हे पटले नाही. मी तिला विचारले की मूक संशयवादी विचार तर करतो ना? तो एका विधानावरून दुसऱ्या विधानाकडे जातो, म्हणजे आधार असला की निष्कर्ष निघतो हे तोही धरून चालतो. मग व्याघात त्याच्या मनातही घडतो. तिने लगेच उत्तर दिले नाही, वेळ मागून घेतला. पुढच्या भेटीत ती एक हस्तलिखित पान घेऊन आली. त्यात मुद्दा असा होता : विधानावरून विधानाकडे जाणे हा तर्काचा संबंध आहे, शब्दाने ऐकणाऱ्याला ज्ञान होणे हा जगातला कार्यकारणसंबंध आहे. संशयवाद्याने शंका घेतली आहे ती दुसऱ्या प्रकारच्या संबंधांवर. पहिल्यावर त्याने शंका घेतलेलीच नाही, तेव्हा तो वापरला म्हणून त्याच्या पदरात व्याघात कसा टाकता येईल?

मी मग स्मृतीचा मुद्दा काढला. विचार करणारा क्षणापूर्वीचे आधारविधान आठवून पुढे जातो. ते जसे होते तसेच आठवते आहे, हा विश्वास तर कार्यकारणाचाच आहे. हा आक्षेप तिने मान्य केला, आणि प्रबंधात तो माझ्या नावाने नोंदवून त्याची मर्यादा ठरवली : याने मूक संशयवाद्याला फार तर स्मृतीवर विश्वास ठेवावा लागेल, धूर आणि अग्नी यांच्या संबंधावर नाही. स्मृतीपासून अग्नीपर्यंत जायला वेगळा युक्तिवाद लागतो आणि तो गंगेशाच्या त्या ओळींत नाही.

गंगेशाला याहून अधिक काही सिद्ध करायचे होते असे माझे मत आजही आहे. पण रेवतीच्या युक्तिवादातली कोणती पायरी नाकारावी हे मला सांगता आलेले नाही. विद्यार्थ्याच्या लेखनाशी मी सहमत नाही असे नेहमीच होते. सहमत नसूनही ते मोडता येत नाही, असे फार क्वचित.

तिच्या स्वतंत्र विचाराचे मला वाटणारे मर्म इथे आहे. नवे काहीतरी बोलण्याची हौस तिला नाही. प्रबंधात एकही चमकदार घोषणा नाही. सर्वांनी वाचलेल्या मजकुरात जिथे दोन गोष्टी एकच धरल्या गेल्या आहेत तिथे तिची नजर अडते, आणि मग त्या भेदाचा शेवटपर्यंत पाठपुरावा केल्याशिवाय ती सोडत नाही. तो पाठपुरावा तिला स्वतःला गैरसोयीच्या जागी नेणार असला तरीही.

ज्ञानमीमांसेच्या परीक्षेत गेटियरच्या १९६३ च्या लेखावर प्रश्न होता. समर्थित सत्य विश्वास म्हणजे ज्ञान, या व्याख्येला त्याने दिलेली प्रतिउदाहरणे बहुतेकांनी बरोबर लिहिली. रेवतीने ती दोन वाक्यांत संपवली आणि उरलेल्या उत्तरात विचारले की ‘त्याचा विश्वास योगायोगाने खरा ठरला’ हे नेमके कोण म्हणते. प्रसंगातल्या माणसाला तो योगायोग दिसतच नाही, तो फक्त सगळे माहीत असलेल्या वाचकाला दिसतो. तेव्हा ज्ञानाचा निवाडा कोणत्या जागेवरून करायचा हे आधी ठरवले पाहिजे. उत्तर अपुरे राहिले, कारण वेळ संपला. पण तो प्रश्न मी आता वर्गात शिकवताना घेते.

चर्चेतले तिचे वागणे सांगण्याजोगे आहे. नागार्जुनाची ‘विग्रहव्यावर्तनी’ चालू असताना एका सहाध्यायाने म्हटले की ‘माझी प्रतिज्ञाच नाही’ हे उत्तर म्हणजे निव्वळ पळवाट. रेवतीचे मत उलट होते. तरी तिने आधी त्याचाच आक्षेप अधिक धारदार करून मांडला : प्रतिज्ञा नसेल तर प्रतिपक्षाचे म्हणणे खोडले असेही म्हणता येणार नाही, कारण खोडणे म्हणजे निदान एक निषेध करणे. ‘तुला हेच म्हणायचे होते ना?’ असे तिने त्याला विचारले, त्याने होकार दिल्यावर मगच ती उत्तराकडे वळली. पूर्वपक्ष मांडण्याची ही रीत आपल्या परंपरेत आहे हे सगळेच शिकतात, पण इतक्या सहजपणे ती अंगी बाणलेली विद्यार्थिनी मी तरी पाहिलेली नाही. त्या वर्गात बुजरी मुलेही बोलू लागली, कारण आपले म्हणणे रेवतीच्या हातून बिघडणार नाही याची त्यांना खात्री असे.

आता उणिवा. तिचे वाचन खोल आहे, पण सगळीकडे सारखे नाही. ह्यूम तिने मूळ ग्रंथातून वाचला आहे, कांट मात्र पाठ्यपुस्तकापुरताच. नीतिशास्त्रातही तिने फारसे काम केलेले नाही. संस्कृत ती टीकेच्या आधाराने वाचते, सावकाश पण काटेकोरपणे. शंका असली की भाषांतरावर विसंबत नाही. तिचे लेखन कधीकधी फार आवळलेले असते. तिला उघड वाटणारी पायरी ती गाळते आणि वाचकाला मागे जावे लागते. प्रबंधाच्या शेवटच्या मसुद्यात हे बरेच सुधारले, तरी आपल्याकडच्या मार्गदर्शकांनी याकडे लक्ष द्यावे अशी विनंती आहे. विधेय तर्कशास्त्राचा तिचा पाया पक्का आहे, त्यामुळे पुढचा अभ्यासक्रम तिला जड जाणार नाही.

एम.ए.मध्ये तिला संशयवादाला दिलेल्या अशाच उत्तरांवर काम करायचे आहे, ज्यांत संशय घेणाऱ्याची कृती त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाते. न्यायदर्शन आणि पाश्चात्त्य ज्ञानमीमांसा या दोन्हींत असे युक्तिवाद आहेत. त्यांची साम्ये मोजत बसण्यापेक्षा, दोन्हीकडे कृतीवरून विश्वासाकडे जाणारी पायरी कशी समर्थनीय ठरते, हा तिचा प्रश्न आहे. तो दोन वर्षांत सुटणार नाही याची तिला कल्पना आहे. माझ्या मते प्रश्न बरोबर पकडला गेला आहे, आणि दोन्ही परंपरांचे मूळ ग्रंथ वाचून घेणारे शिक्षक तिला मिळाले तर त्यातून प्रकाशित करण्याजोगे काम होईल.

तिच्या परवानगीने प्रबंधाचे तिसरे प्रकरण या पत्रासोबत जोडत आहे. मूक संशयवाद्याचा युक्तिवाद त्यातच आहे आणि तो मुळातून वाचावा. मला सुचले नाही असे काही आपल्याला त्याविरुद्ध सुचले, तर ते तिला मुलाखतीत अवश्य विचारा. अधिक माहिती हवी असल्यास मी विभागात उपलब्ध आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
प्रा. सुनंदा
अधिव्याख्याता, तत्त्वज्ञान विभाग

सोबत : पदवी प्रबंधाचे प्रकरण ३