मोहिनीचा डबा

आजीचा बिस्किटांचा डबा २०१९ च्या पुरात गेला. सांगलीत तेव्हा पाणी किती चढलं होतं ते सांगलीकरांना सांगायला नको, आजीच्या घरात माळ्यावरचं तेवढं वाचलं, बाकी सगळ्याचा चिखल झाला आणि मामाने तो ट्रॅक्टरमध्ये भरून पाठवला, त्यातच डबाही गेला. गाद्या गेल्या, शिलाई मशीन गेलं, आजोबांची पुस्तकं गेली, त्याबद्दल आजी एकदा पोटभर रडली आणि मग तो विषय तिने परत काढला नाही. डब्याचं मात्र तसं नाही. दर फोनला, इकडचं तिकडचं बोलून झालं की हळूच, "अगं, तो डबा कुठल्या कंपनीचा असेल गं? तुम्हाला मोबाईलवर सगळं सापडतं ना, बघ की."

मला आठवतो तो डबा म्हणजे नुसता करडा पत्रा. आत हुक, बटणं, इलॅस्टिक, रेशनकार्ड, लाइटची बिलं. आजीने राख आणि काथ्याने घासून घासून त्याच्यावरचं चित्र कधीच घालवलं होतं. "कृष्ण होता त्याच्यावर, निळा, बासरीवाला," एवढंच ती सांगायची.

फोटो एकच. १९६५ चा, ब्लॅक अँड व्हाइट, आजीच्या मांडीवर पाच-सहा महिन्यांचा मामा आणि मागे फळीवर भिंतीला टेकवून उभा केलेला डबा, झाकण समोर. तो आईच्या अल्बममध्ये पुण्यात होता म्हणून वाचला. फोटो काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, त्यात डबा केवढासा. मोबाईलने फोटो काढून झूम केलं की नुसते ठिपके दिसायचे.

मग आईलाच आठवलं की हा फोटो बापूआजोबांनी, म्हणजे आजोबांच्या धाकट्या भावाने काढलाय, त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता. तो साधा कॅमेरा, पण त्यात १२० चा रोल लागायचा, एका रोलमध्ये बारा फोटो आणि प्रत्येक निगेटिव्ह सहा बाय सहा सेंटिमीटरची. म्हणजे प्रिंटमध्ये जे दिसत नाही ते निगेटिव्हमध्ये असू शकतं. बापूआजोबांच्या सुनेने, काकूने, कपाट उपसून पाकिटं शोधून दिली, प्रत्येक पाकिटावर त्यांच्या अक्षरात तारीख आणि कोण कोण आहे ते लिहिलेलं. इतकं नीट कोण ठेवतं हल्ली.

पुण्यात एक दादा अजून जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून देतात. त्यांनी ती लाइटवर धरली, ब्लोअरने धूळ उडवली, स्कॅन केली आणि स्क्रीनवर डबा मोठा करत नेला. कृष्ण दिसला. खरंच बासरीवाला, शेजारी गाय, मागे झाड, सगळं छापलेलं, आणि मला भरूनच आलं कारण आजी जे इतकी वर्षं नुसतं सांगत होती ते मी पहिल्यांदा बघत होते. दादा म्हणाले, "ताई, चित्र राहू द्या, कडेची पट्टी बघा. पत्र्यावर छापणारे नाव-गाव तिथे बारीक टाकायचे." झाकणाच्या खालच्या पट्टीवर इंग्रजी अक्षरं होती, अर्धी उडालेली. एका बाजूला "२ एलबीएस" आणि दुसऱ्या टोकाला एल, आय, ओ, आर.

दोन पौंड. म्हणजे डबा जुना, कारण आपल्याकडे १९५८ पासून हळूहळू किलो-ग्रॅम आले आणि १९६२ पर्यंत पौंड-शेर बंदच झाले. तोपर्यंत मी पुण्याचे साठे, पार्ल्याचे पार्ले असंच शोधत बसले होते कारण डबा सांगलीच्या घरात होता. पण एल-आय-ओ-आर वर संपणारं गाव एकच डोक्यात आलं, ग्वाल्हेर, आणि ग्वाल्हेर म्हणजे तर आजीचं माहेर! तिथल्या लष्कर भागात, महाराज बाड्याच्या मागे.

पुढचं मग सोपं होतं. जे. बी. मंघाराम. सिंधमधल्या सक्करची बिस्किटवाली मंडळी, फाळणीनंतर ग्वाल्हेरला आली आणि तिथे कारखाना उभा केला. त्यांचे देवादिकांची चित्रं असलेले डबे लोक आजही जपून ठेवतात, विकतात. जुने डबे जमवणाऱ्या एका काकांना मी स्कॅन पाठवला, त्यांनी त्यांच्याकडच्या डब्याचा फोटो पाठवला. तोच कृष्ण, तीच गाय, झाडाची फांदीसुद्धा तशीच वळलेली. आणि रंग! काय निळा होता तो.

मी फोन नाही केला, शनिवारी सांगलीलाच गेले. आजी गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मोबाईल तिच्या समोर धरला तशी तिने चष्मा पुसला, परत लावला, आणि पहिला प्रश्न हा की "ग्वाल्हेरलाच बनला ना? नक्की? विलायती नाही?"

"नाही गं, ग्वाल्हेरचाच. सिंधी लोकांचा कारखाना होता."

तिने शेंगांची परात बाजूला सरकवली.

"मोहिनी होती आमच्या गल्लीत," आजी म्हणाली. "सिंधी. सक्करहून आलेली, एका खोलीत सातजणं राहायची. तिने मला दिला हा डबा, मी अकरा वर्षांची असेन. म्हणाली माझ्या बाबूजींच्या फॅक्टरीतला आहे, इथेच बनतो. कुणाला खरं वाटेना. एवढा देखणा डबा आपल्या ग्वाल्हेरात कोण बनवणार, कुठल्या तरी साहेबाच्या कोठीतून उचललाय म्हणाले सगळे. पोरं चोट्टी चोट्टी म्हणून तिच्या मागे धावली. आणि मी पण, मी पण हसले गं त्यांच्यात. डबा माझ्या हातात, तिनेच दिलेला, आणि मी हसले."

"मग?"

"मग काय. यायची बंद झाली. पुढे त्यांनी घर बदललं. डबा परत द्यायला मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि तशीच मागे फिरले. लग्नात आईने सामानात बांधून दिला."

मी विचारलं, आजोबांना त्यावरचं इंग्रजी वाचायला का नाही सांगितलंस इतक्या वर्षांत. आजीने माझ्याकडे नुसतं बघितलं. मग म्हणाली, "आणि विलायती निघाला असता म्हणजे? मग ती खोटी ठरली असती ना." थोड्या वेळाने म्हणाली, "आता डबाच गेला, तेव्हा वाटलं की विचारून घ्यावं. आता मी किती दिवस."

मामी चहा घेऊन आली तोवर आजीने मोबाईल हातातून सोडला नव्हता, बोटाने कृष्ण मोठा करायचा, लहान करायचा.

"बरं," ती म्हणाली, "हे तुला एका फोटोवरून सापडलं ना? मग आता मोहिनी शोध."

"आजी, आडनाव?"

"बाबूजींचं नाव परसराम. आडनाव नाही आठवत, आणि आता लग्नानंतरचं वेगळंच असणार. पण वही घे तू. उजव्या भुवईवर टाक्यांची खूण आहे, पतंगाच्या मागे गच्चीवरून पडली होती. मोठा भाऊ गोप, तो रेल्वेत लागला होता. शाळा आमचीच, माझ्यापेक्षा एक वर्ग पुढे. शाळेत नावं असतील की नाही जुनी? लिही, लिही, मी सांगते तसं लिही."